चाळीस शॉर्ट आणि तात्यांचा दहावा

माझ्या आवाजाबद्दल सांगताना मी खोटं बोलतो, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. पण मी सावेडीतल्या आमच्या गच्चीवर उभं राहून 'राम कृष्ण हरी' म्हटलं की खाली रस्त्यावरचा टेम्पोवाला मागून ट्रक आला असं समजून गाडी बाजूला घ्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझा तास चालू असला की शेजारच्या दोन वर्गांना वेगळा मास्तर लागायचा नाही. ते माझ्याच आवाजावर पास होत.

निवृत्त झाल्यावर हा आवाज घरात मावेना. तेव्हा बायकोनंच मोबाईल उभा धरला आणि म्हणाली, "एक मिनिट बोला. देवाबिवाचं, चांगलं काहीतरी. मग मला भाजी निवडू द्या." तिथून आमचा चॅनेल सुरू झाला. रोज सकाळी सहाला एक शॉर्ट. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, मागे देव्हारा, आणि मिनिटाच्या आत एक गोष्ट: नामस्मरण, समाधान, लोभ, राग, सासू-सून, सगळं. तीन वर्षं एकही खाडा नाही. माझा शॉर्ट पाहिल्याशिवाय चहाला उकळी येत नाही, असं जिल्ह्यातल्या निम्म्या घरांतून लिहून यायचं. बरं, निम्म्या नाही. पण यायचं.

आणि मग घसा बसला. आधी खोकला समजलो. एका शॉर्टमध्ये जरा खरखरलो, तर कमेंटमध्ये इतके काढे आले की ते सगळे प्यायलो असतो तर मुळा धरणाच्या बरोबरीनं भरलो असतो. शेवटी गळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्राच्या पडदीवर गाठ होती, साधी, जिवाला धोका नसलेली, पण काढावी लागणारी.

"ऑपरेशननंतर दोन आठवडे पूर्ण मौन," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजल्यानं जास्तच ताण येतो. त्यानंतर हळूहळू. महिनाभर तरी माईकसमोर जायचं नाही. आणि आत्तापासूनच आवाजाला विश्रांती द्या."

मी विचारलं, "आवाज परत येईल ना, पहिल्यासारखा?"

"येतो बहुतेकांचा," ते म्हणाले.

त्या 'बहुतेकां'नी माझी झोप उडवली. पण बायकोच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "चाळीस दिवस धरा. आपण पापड-कुरडया करतोच ना उन्हाळ्यात? तशी शॉर्टची बेगमी करून ठेवू. चाळीस करायचे, तारखा लावून ठेवायच्या, रोज सहाला आपोआप सुटतील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणाला कळणार नाही" हे वाक्य मला फार आवडलं. तिथंच मी फसलो. आजारपण लोकांना सांगितलं की लोक दुसऱ्या महाराजांकडं जातात, आणि गावाकडं सांगितलं की गाव नगरला येतं. म्हणून ऑपरेशनची गोष्ट आमच्या दोघांत आणि डॉक्टरांत ठेवली. गावी तात्यांनाही सांगितलं नाही.

तात्या म्हणजे माझे चुलते. गाव पारनेर तालुक्यातलं, माळरानावरचं. मी आज जे काही बोलतो ते त्यांचं उष्टं आहे. गावच्या भजनी मंडळात त्यांनी मला टाळ दिला आणि दोन भजनांच्या मध्ये उभं करून "सांग रं चार शब्द," म्हणून ढकललं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अलीकडं ते थकले होते. मागच्या दिवाळीला गेलो तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "ह्ये बघ. माझ्या दहाव्याला भाड्याचा महाराज नको. तू बोलायचं. मी कसा हुतो ते सांग. लबाडी घाल, पर थोडी घाल."

"तात्या, तुम्ही शंभर काढाल."

"काढीन बी. पर शबूद दे."

मी शब्द दिला. आमच्याकडं दशक्रियेला प्रवचन असतंच. पण स्वतःच्या माणसानं बोलावं हा मान कुणाला मिळतो? चुलती चुलीपुढं बसली होती, ती म्हणाली, "दिलाय बरं का शबूद. मी ऐकलाय."

तर चाळीस शॉर्ट. बायकोनं नियम केले. 'आज' म्हणायचं नाही. एकादशी, संकष्टी, चतुर्थी यातलं काही काढायचं नाही. पाऊस, ऊन, थंडी, परीक्षा, निवडणूक, सगळं बंद. कोणत्याही दिवशी सुटला तरी ताजा वाटला पाहिजे. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, घड्याळ उतरवलं. देव्हाऱ्यातली फुलं काढून कापडी माळ लावली, कारण खरी फुलं तिसऱ्या शॉर्टपर्यंत माना टाकतात. दर दोन शॉर्टनंतर उपरणं बदलायचं, गंधाची ठेवण बदलायची, कधी बुक्का लावायचा. मी आतल्या खोलीत कपडे बदलून येई तेव्हा लग्नातल्या नवरीला एवढे शालू नेसावे लागत नसतील असं वाटे.

"तात्यांची गोष्ट सांगू का? विहिरीवर साप निघाला होता ती?"

"नको. माणूस आला की तारीख येते. उद्या त्यांचं काही झालं तर? सगळ्यांना लागू होईल असं बोला."

सगळ्यांना लागू होईल असं बोलणं मास्तरला अवघड नसतं. मी बोलत सुटलो. एकदा मध्येच कुकरची शिट्टी झाली, एकदा भोंग्यातून "मेथी, पालक" आलं, तेवढे परत केले. तीन दिवसांत चाळीस. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि मी वर्षाचं बोलणं बोललो. पहिल्या दिवशीचा आवाज नगाऱ्यासारखा, दुसऱ्या दिवशीचा डफासारखा, तिसऱ्या दिवशीचा फुटक्या घमेल्यासारखा. बायको फार हुशार. तिनं तिन्ही दिवसांचे शॉर्ट पत्त्यांसारखे पिसले. खराब आवाजाचा एक, मग बऱ्याचे दोन, असं लावलं, म्हणजे लोकांना वाटावं की सर्दी येते आणि जाते. आणि सगळ्यात खणखणीत आवाजाचे शेवटच्या आठवड्यात ठेवले. "शेवट गोड," म्हणाली. मग एकेका शॉर्टला तारीख आणि सकाळी सहाची वेळ लावत बसली. गव्हात भुंगेरे आहेत का बघावं तशी मान खाली घालून.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी परत नळी घालून पाहिलं आणि हातातली नळी माझ्या डोक्यात घालतील की काय असं वाटलं. "सूज वाढलीय! काय केलंत?"

"थोडं बोललो," मी म्हणालो. तारीख आठवडाभर पुढं गेली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला विचार आला तो बोलायचा, आणि बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं पाटी-पेन्सिल आणून ठेवली होती. मी लिहिलं, 'भूक.' मौनातलं माझं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं मोबाईल लावला आणि माझाच नगारा वाजला: "माउली, समाधान बाजारात मिळत नाही!" ती बाई मोबाईलकडं बघून हात जोडत होती आणि मी दोन हातांवर, गळ्याला टॉवेल गुंडाळून, पेजेचा वाडगा धरून बसलो होतो. तिनं ओळखलं नाही. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं प्रवचन मुकाट्यानं ऐकलं. बरं बोलतो हो माणूस.

चौथ्या दिवशी गावाहून फोन आला. तात्या गेले.

बायकोनं फोन घेतला. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कळलं. मला हंबरडा फोडायचा होता. पण डॉक्टरांनी रडायचीही बंदी केली होती, निदान आवाजानं. मी डोळ्यांनी रडलो. तसं रडणं फार अपुरं असतं, आतलं काही बाहेर पडत नाही.

गावी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. चुलती मला पाहून उठली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "आलास? बोल रं त्यांच्याशी. तुझीच वाट बघत हुते." मी तोंड उघडलं आणि मिटलं. बायको म्हणाली, "काकी, यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. बोलायचं नाही सांगितलंय डॉक्टरांनी."

"कधी?"

"आजचा चौथा दिवस."

मागं उभे असलेले चुलतभाऊ, आमचे दादा, म्हणाले, "चौथा? आन सकाळी तर बोलत हुता की. माझ्या सुनंनं लावलं हुतं. लई जोरात बोलत हुता."

"ते आधी करून ठेवलेलं आहे, दादा."

"आधी?" दादांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी सुगीच्या आधी धान्य विकलंय.

आणि इथं माझा खरा गुन्हा. सुतक सुरू झालं. दहा दिवस गंध नाही, देवपूजा नाही, आमच्या साऱ्या भाऊकीनं देव्हाऱ्यांवर पडदे टाकले. बायको मला म्हणाली, "अहो, शॉर्ट थांबवू का? गंध लावून बसलाय तुम्ही त्यात. बरं दिसत नाही." गावात आमच्या मोबाईलच्या कंपनीची रेंज नव्हती, पण देवळाच्या टेकडीवर चढलं की येत होती. दहा मिनिटांचं काम होतं. मी पाटीवर लिहिलं, 'ते आधी केलेलं. सुतकात नाही केलेलं.' ती म्हणाली, "लोकांना कसं कळणार?" मी लिहिलं, 'माळ तुटेल. तीन वर्षांची.' तिनं पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पाटी पुसून टाकली. त्यानंतर ती टेकडीवर गेली नाही, आणि मी पाठवलंही नाही. शॉर्ट काही आमच्या मोबाईलमधून सुटत नव्हते. ते कुठल्याशा परदेशातल्या मशीनमधून सुटत होते, आणि त्या मशीनला तात्या गेलेले ठाऊक नव्हते.

झालं. मी रोज सकाळी ओसरीवर डोकं भादरून, बिनगंधाचा, मुका बसलेलो, आणि घरोघरच्या मोबाईलवर गंधानं भरलेला, नवीन उपरण्यातला मी हसतोय. "आनंदी राहा, माउली! आनंद हीच पूजा!" तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला गेलो तिथं कुणाच्या तरी खिशात मी वाजलो. सगळे माझ्याकडं वळले. मी दोन्ही हात हलवून सांगितलं की मी नाही. पण आवाज तर माझाच होता.

"मौन धरलंय म्हनं."

"धरलंय फकस्त आपल्यासाठी. मोबाईलमधी उघडं हाय."

"मोठा झाला बाबा मानूस. गावात बोलायला आता मानपान लागत आसंल."

बायको प्रत्येकाला कागद दाखवत फिरली. दवाखान्याचा कागद इंग्रजीत होता. तो हातात घेऊन, उलटासुलटा करून, एक म्हातारा म्हणाला, "असल बाई. पर ह्यो तर आज सकाळी तासभर बोललाय." मिनिटभराचा शॉर्ट त्यानं साठ वेळा पाहिला असेल, नाहीतर तो माझ्यापेक्षा मोठा थापाड्या.

एकच आशा होती. चुलतीला कळावं. मी तिच्यासमोर बसून गळ्यावर हात ठेवला, मान हलवली, पाटीवर मोठ्या अक्षरात 'आवाज नाही' लिहिलं. तिला अक्षरओळख नाही. ती पाटीकडं न बघता म्हणाली, "दहाव्याला तरी बोलशील न्हवं? येवढंच मागितलं त्यांनी."

दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी सगळी भाऊकी जमली. मी हिशेब केला होता: मौनाचे अजून दोन दिवस उरले होते. तात्यांनी फक्त दोन दिवस थांबायला हवं होतं. किंवा माझं ऑपरेशन आठवडाभर आधी व्हायला हवं होतं, जे ठरलंच होतं, पण चाळीस शॉर्ट ओरडून मी सूज वाढवली आणि तारीख पुढं गेली. ही गोष्ट मी त्या ओढ्यावर बसून पहिल्यांदा नीट समजून घेतली. बेगमी करताना मी तात्यांच्या वाट्याचं बोलून टाकलं होतं.

पिंड मांडला. बाजूला भाकरी, ठेचा, आणि चुलतीनं हळूच ठेवलेली तंबाखूची पुडी. सगळे मागं सरले. "काव, काव," म्हणून हाका झाल्या. बाभळीवर तीन कावळे होते. तिघंही पलीकडं तोंड करून बसले होते, जणू त्यांचाही काही मानपान राहिला होता.

अर्धा तास गेला. दादा पुढं झाले. "तात्या, विहिरीचं बांधकाम मी पुरं करीन." कावळा आला नाही. चुलतबहीण रडत म्हणाली, "तात्या, आईला दोन-दोन महिने माझ्याकडं नेत जाईन." नाही. कुणी म्हणालं देवळाला घंटा देऊ, कुणी म्हणालं गाईला चारा. एक कावळा उडाला आणि आणखी लांबच्या बाभळीवर जाऊन बसला.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांचा जीव पुतन्यात आडाकलाय. त्यो बोलल्याशिवाय न्हाई शिवायचा."

शंभरभर माणसं माझ्याकडं पाहू लागली. खरंच शंभर. इथं मी वाढवत नाही. मी पाटी काढली आणि लिहिलं, 'बोलेन तात्या, आवाज आला की.' पिंडाकडं धरली. दादा हताश होऊन म्हणाले, "आरं, कावळ्याला वाचता येतंय व्हय?"

कुणी हसलं नाही. आणि तेवढ्यात, कुणाचा चुकून लागला की कुणी मुद्दाम लावला देव जाणे, मागं मोबाईलमधून मीच बोललो. बायकोनं पिसलेल्या पत्त्यांतला त्या दिवशीचा पत्ता. "माउली, दोन शब्द बोलायला काय लागतं? जीभ तर आपलीच आहे! कुणी आशेनं पाहिलं, तर बोला. उद्यावर टाकू नका."

आयुष्यात मी अनेकांना गप्प केलंय. पण मला कुणी असं उघडं पाडलं नव्हतं, आणि तेही माझ्याच तोंडानं. चुलती माझ्याकडं पाहत होती. तिनं एकच हात पुढं केला, जसा आपण पाणी मागायला करतो.

बायको ओरडली, "अहो, नको!" पण मी बोललो. "बोलीन, तात्या." एवढंच. किंवा एवढं बोलायचं होतं. बाहेर जे आलं ते गंजलेल्या बिजागरीसारखं होतं. शेजारच्यालासुद्धा शब्द कळले नाहीत. लोकांना वाटलं मला ठसका लागला. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला.

कावळा आला नाही. बारा वाजून गेले तशी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवला. विधी पुरा झाला. मग तालुक्याहून आणलेले महाराज माईकवर बसले. ते तात्यांना कधी भेटले नव्हते. त्यांनी पाऊण तास सांगितलं की कैलासवासी शांत स्वभावाचे, मितभाषी आणि निर्व्यसनी होते. तात्या रागावले की बैलही शिवी समजून कान पाडायचे. मी समोर बसून प्रत्येक वाक्यावर मान हलवत होतो, 'नाही, नाही,' म्हणून. लोकांना वाटलं मी शोकानं हलतोय.

चुलती शेवटपर्यंत थांबली नाही. उठून जाताना मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला लई कामं आसत्यात." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते पाहुण्याशी बोलावं तसं म्हटलं.

त्या दोन शब्दांनी गळ्याचं काय केलं ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. "त्यानं झालं असंही नाही, नाही झालं असंही नाही," म्हणाले. आवाज परत आला, पण अर्धा. नगाऱ्याच्या जागी खुळखुळा. इकडं शॉर्टची बेगमी ठरल्याप्रमाणं चालूच राहिली. शेवटच्या आठवड्यातले खणखणीत शॉर्ट सुटले तेव्हा कुणीतरी लिहिलं, 'महाराज, दिवसेंदिवस आवाज तरुण होतोय.' बायकोनं ते मला वाचून दाखवलं नाही. मीच वाचलं. चाळीस संपल्यावर एक्केचाळिसाव्या दिवशी मी नवा शॉर्ट केला, तर चार जणांनी विचारलं, हे गृहस्थ कोण?

महिन्यानं मी एकटाच गावी गेलो. चुलती ओसरीवर शेंगा फोडत होती. मी शेजारी बसलो आणि माझ्या त्या खुळखुळ्यात तात्यांबद्दल सांगायला लागलो. विहिरीवरचा साप, टाळ, शिव्या, सगळं. लबाडी थोडीच घातली. पाच मिनिटांत आवाज तुटायला लागला, दहाव्या मिनिटाला नुसती हवा येऊ लागली. ती मान वर न करता ऐकत होती. शेंगा फोडणं मात्र थांबलं होतं.

मग तिनं पहिल्यांदा माझ्या गळ्याकडं नीट पाहिलं. "लई खराब झालाय रं घसा तुझा," ती म्हणाली. "त्या दिशी खरंच येत न्हवतं का बोलाया?"

मी मान हलवली.

"येड्या," ती म्हणाली, "मग तवाच तोंडानं सांगायचं न्हाई व्हय?"